इंटरव्ह्यूचा मेसेज ‘प्रोफेशनल’ करताना या चुका टाळा

रिक्रुटरचा व्हॉट्सअ‍ॅप येतो: “उद्या ११ ला अंधेरी ऑफिसला पाठव, सर असतील.” उमेदवाराला कळवताना नवी मंडळी त्याला लगेच “आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे” असा फेटा बांधतात आणि पाठवून मोकळी होतात. आतला ‘उद्या’ तसाच राहतो.

आमच्याकडे असा एक मेसेज बुधवारी रात्री साडेअकराला गेला. डोंबिवलीच्या उमेदवाराने तो गुरुवारी सकाळी उघडला, म्हणजे त्याचा ‘उद्या’ शुक्रवार झाला. शुक्रवारी हाफ डे टाकून तो वेळेवर पोहोचला, तेही अंधेरी पश्चिमेच्या ऑफिसात, कारण मॅपवर तेच आधी दिसतं. इंटरव्ह्यू होता अंधेरी पूर्वेच्या मरोळ ऑफिसात, आदल्या दिवशी. शीटमध्ये मात्र त्याच्या नावापुढे ‘नो शो’ पडलं होतं. ते पुसून घेताना माझाच घसा कोरडा पडला.

म्हणून मी भाषेला हात लावण्याआधी कागदावर वार, तारीख, सकाळ की दुपार, पत्ता आणि तिथे कोणाला विचारायचं एवढं लिहितो. जागा रिकामी राहिली की रिक्रुटरला फोन. हा दोन मिनिटांचा फोन टाळून अंदाजाने भरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मग मेसेज असा होतो:

“नमस्कार. अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पदासाठी आपली पहिली मुलाखत गुरुवार, १२ मार्च २०२६ रोजी सकाळी ११ वाजता आमच्या मरोळ ऑफिसमध्ये (चौथा मजला) आहे. साधारण ४५ मिनिटं लागतील. जवळचं मेट्रो स्थानक मरोळ नाका. गेटवर फोटो ओळखपत्र दाखवावं लागेल. रिसेप्शनला एचआरला भेटायचं आहे असं सांगा. वेळ जमत नसेल तर बुधवारी दुपारी २ पर्यंत कळवा, दुसरी वेळ पाहू.”

सोबत लोकेशनची पिन. आनंद कुठेच व्यक्त केलेला नाही, कोणाचं अडलं नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. रिक्रुटर लिहितो, “बहुतेक गुरुवारी, सरांना विचारून सांगतो.” सफाईच्या नादात ‘बहुतेक’ गळतं आणि “आपली मुलाखत गुरुवारी निश्चित झाली आहे” असं जातं. माणूस रजा टाकतो, सर मीटिंगमध्ये. कच्चं असेल तर कच्चंच लिहा: “गुरुवारची वेळ अजून पक्की नाही. बुधवारी संध्याकाळी ५ पर्यंत कळवतो, तोवर रजा टाकू नका.” आणि ५ ला खरंच कळवा, उत्तर “अजून नाही” असलं तरी.

बाकी किरकोळ. ‘सिलेक्ट झालात’ आणि ‘पुढच्या फेरीसाठी निवड’ एक नव्हे. एकाच मेसेजमध्ये ‘तू’ने सुरुवात करून ‘आपण’वर उडी नको. आणि रिक्रुटरचा मूळ मेसेज खाली चिकटवून तर अजिबात पाठवू नका. त्यात “नोटीस ९० दिवस, जरा महागडा आहे” असंही लिहिलेलं असतं.