खिडकीतल्या कोरफडीला पुदिन्याचं पाणी नको

पुदिना, तुळस, कोरफड आणि कढीपत्ता एकाच लांब कुंडीत लावू नका. पुदिन्याला माती सतत ओलसर लागते. तेवढ्या पाण्यात कोरफड मुळाशी कुजते. कोरफडीच्या वेगळ्या कुंडीत निम्मी जाड वाळू मिसळा आणि माती दोन इंच खोल कोरडी झाल्यावरच पाणी द्या. पानं बुडाशी मऊ, पिवळट पडली तर पाणी जास्त होतंय. सगळ्यात उन्हाची जागा तुळस आणि कढीपत्त्याला. पुदिना थोड्या सावलीतही तगतो.

किरकोळ भाजलं तर आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. तोवर कोरफडीचं कापलेलं पान 10-15 मिनिटं उभं ठेवून पिवळा चीक गळू द्या, त्याने खाज सुटते. मग आतला पारदर्शक गरच लावा.