झेरॉक्सच्या दुकानात उघडे राहिलेले जीमेल : या चुका टाळा

पंचवटीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने प्रवेश अर्जाची प्रिंट काढण्यासाठी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर आपले जीमेल उघडले आणि कागद हाती येताच टॅब बंद करून तो घरी आला. टॅब बंद केला म्हणजे खाते बंद झाले, ही पहिली चूक. साइन इनची खूण ब्राउझरमध्ये कुकीच्या रूपाने तशीच राहते, त्यामुळे त्या संगणकावर पुढच्या गिऱ्हाइकाने जीमेल उघडले, तर पासवर्ड न विचारता आपलाच इनबॉक्स समोर येऊ शकतो.

दोन दिवसांनी त्याला हे आठवले आणि त्याने मोबाइलवर myaccount.google.com उघडून Security मधील Your devices खालच्या Manage all devices वर बोट ठेवले. या यादीत सध्या साइन इन असलेली आणि मागच्या २८ दिवसांत वापरली गेलेली उपकरणे दिसतात. यादी पाहताच तो घाबरून मला म्हणाला, "मामा, मुंबईतून कुणीतरी माझे खाते वापरते आहे!" प्रत्यक्षात मुंबई दाखवणारी नोंद त्याच्या स्वतःच्या मोबाइलचीच होती. ठिकाण आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून, अंदाजाने ठरते आणि मोबाइल डेटाची वाहतूक कंपनीच्या दुसऱ्या शहरातील यंत्रणेतून होत असेल, तर नाशिकमध्ये बसलेल्या माणसाचे ठिकाण मुंबई किंवा पुणे दिसते. उलट, खरी धोक्याची नोंद 'नाशिक' असे नाव लावून शांतपणे बसलेली होती आणि ती घरच्या लॅपटॉपची असावी असे समजून त्याने सोडून दिली होती.

म्हणून गावाच्या नावावर विसंबू नये. उपकरणाचा प्रकार, ब्राउझर आणि शेवटच्या वापराची वेळ या तीन गोष्टी एकत्र पाहाव्यात. एकाच प्रकारच्या संगणकांवरील सत्रे, म्हणजे वेगवेगळी साइन इन, यादीत एकत्र बांधलेली असतात, त्यामुळे विंडोजच्या नोंदीवर क्लिक करून आतली सत्रे वेगवेगळी पाहावी लागतात. भाच्याच्या यादीत तिथे दोन सत्रे निघाली आणि त्यांपैकी एक सोमवारी सकाळी पावणेबारापर्यंत चालू होते. घरचा लॅपटॉप रविवार संध्याकाळपासून बंदच होता, तेव्हा दुकानातले सत्र कोणते याबद्दल शंका उरली नाही. त्याने आधी स्क्रीनशॉट घेतला आणि मग त्या सत्रावर Sign out केले.

साइन आउट केलेले उपकरण काही दिवस यादीत 'साइन आउट झाले' अशा नोंदीसह दिसत राहते. ते पाहून पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नये.

मात्र इथेच थांबणे ही दुसरी चूक ठरते. दुकानातील ब्राउझरने पासवर्ड जतन करू का असे विचारले असेल आणि घाईत 'हो' म्हटले गेले असेल, तर साइन आउट केल्यानंतरही तो पासवर्ड त्या संगणकावर राहतो. त्यामुळे पासवर्ड बदलणे आवश्यकच आहे. तो बदलल्याने बहुतेक सर्व ठिकाणचे साइन इन तुटते. ज्या उपकरणावर आपण ओळख पटवतो ते उपकरण आणि परवानगी दिलेली काही ॲप्स मात्र यातून वगळली जातात.

तिसरी चूक सर्वांत जास्त महागात पडते, कारण पासवर्ड बदलूनही ती सुधारत नाही. खात्यात शिरलेला माणूस आपल्या मेलची प्रत स्वतःच्या पत्त्यावर जाईल अशी व्यवस्था करून ठेवू शकतो, किंवा बँकेचे मेल इनबॉक्समध्ये न येता थेट अर्काइव्ह व्हावेत असा फिल्टर लावू शकतो. हे तपासण्यासाठी संगणकावरच जीमेल उघडावे, कारण ही पाने मोबाइल ॲपमध्ये मिळत नाहीत. See all settings मध्ये जाऊन Forwarding and POP/IMAP येथे अनोळखी पत्ता नाही ना ते पाहावे, मग Filters and Blocked Addresses येथील प्रत्येक ओळ वाचावी. Skip Inbox किंवा Delete it असलेली आणि आपण न लावलेली ओळ दिसली, तर ती काढून टाकावी. भाच्याच्या खात्यात असे काही निघाले नाही, पण हे पाहायला पाच मिनिटेही लागली नाहीत.

न उघडलेला मेल वाचलेला दिसला म्हणून लगेच संशय घेऊ नये. घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा टॅबलेटवर तो आपल्याच हातून उघडला गेलेला असू शकतो. आपण न पाठवलेला मेल 'पाठवलेले' मध्ये सापडणे किंवा रिकव्हरी क्रमांक, म्हणजे खाते परत मिळवण्यासाठी दिलेला फोन क्रमांक, बदलल्याची सूचना येणे, ही मात्र ठोस लक्षणे होत. रिकव्हरी क्रमांक बदलला गेला असला, तरी गूगल जुन्या क्रमांकावर कोड पाठवण्याचा पर्याय ७ दिवसांपर्यंत देऊ शकते, म्हणून अशी सूचना दिसली तर त्याच दिवशी खाते परत ताब्यात घेण्याची प्रक्रिया सुरू करावी.