आंबट, गोड आणि कडू यांचा मेळ साधणारे मॉकटेल

घरी केलेले मॉकटेल बहुतेक वेळा लिंबाच्या सरबतासारखे लागते, कारण त्यात आंबट आणि गोड असते, पण कडू नसते. मद्याविना पेय घोट घोट घेत पिण्याजोगे व्हायचे असेल, तर घोट गिळल्यावरही जिभेवर रेंगाळणारा कडवटपणा हवा. बाजारातल्या ‘बिटर्स’च्या बाटल्या बहुधा मद्यार्कातच बनवलेल्या असतात, म्हणून इथे संत्र्याची साल आणि चहा वापरून कडू काढा घरीच करू.

एका संत्र्याची साल आतल्या पांढऱ्या भागासकट घ्यावी, कारण कडूपणा मुख्यतः त्यातच असतो. ती २०० मिली पाण्यात मंद आचेवर दहा मिनिटे उकळून गॅस बंद करावा, मग एक चमचा चहापूड घालून चार मिनिटे झाकून ठेवावे आणि काढा गाळून थंड करावा. चहापूड उकळू नये. उकळल्यास काढा कडू होण्याऐवजी तुरट होतो. फरक ओळखणे सोपे आहे: कडू चव घशापर्यंत मागे राहते, तुरट चवीने जीभ कोरडी पडते आणि दात आंबल्यासारखे वाटतात. फ्रिजमध्ये काढा गढूळ दिसला, तर तो बिघडला असे समजू नये. गार झाल्यावर कडक चहा असाच गढुळतो.

पाकासाठी १०० ग्रॅम साखर १०० मिली गरम पाण्यात विरघळवावी. तार येऊ देऊ नये.

आता पेल्यात ३० मिली काढा, २० मिली लिंबाचा ताजा रस आणि २० मिली पाक घालून ढवळावे. रस पडताच काढ्याचा तपकिरी रंग फिका होत सोनेरीकडे झुकतो, हे पाहण्यासारखे असते. मग बर्फ घालून अर्धा मिनिट ढवळावे आणि त्यानंतरच चव घ्यावी, कारण गारव्याने गोडी दबते आणि कोमट असताना बरोबर वाटलेले मिश्रण थंड झाल्यावर आंबट लागते. आंबट वाटल्यास एक चमचा पाक, मिळमिळीत वाटल्यास अर्धा चमचा रस वाढवावा. कडू जास्त झाले, तर मात्र साखरेकडे धावू नये, कारण पेय चिकट गोड होते आणि कडूपणाही पुरता जात नाही. त्याऐवजी चिमूटभर मीठ घालावे. मीठ कडू चव दाबते, आणि इतके थोडे मीठ खारट लागतही नाही.

शेवटी ९० मिली गार सोडा पेल्याच्या कडेने ओतून एकदाच हलके ढवळावे. सोड्याऐवजी टॉनिक वॉटर वापरायचे असल्यास काढा आणि पाक दोन्ही निम्मे करावेत, कारण त्यात क्विनाइनचा कडूपणा आणि साखर आधीच असते. संत्र्याच्या ताज्या सालीचा तुकडा पेल्यावर धरून पिळला, की तेलाचा बारीक फवारा फेसावर बसतो आणि पहिल्या घोटाआधी नाकाला संत्र्याचा वास येतो.