जाहिरातीचा खर्च सारखा, तरी एकच बाटली विकली जात होती

पुण्यातल्या तांबट आळीतून घेतलेल्या तांब्याच्या दोन बाटल्या मी ॲमेझॉनवर विकतो, एक साधी आणि एक ठोक्याची. दोन्हींच्या जाहिरातींचे कीवर्ड, बजेट आणि क्लिक जवळपास सारखे. साधीला शंभर क्लिकमागे आठ ऑर्डर यायच्या, ठोक्याचीला दोन. जाहिरातीची बोली वाढवली, फोटो बदलले, काहीच फरक नाही. फार वैताग आला होता.

मग इन्कॉग्निटोमध्ये तोच कीवर्ड टाकला आणि आमच्या आजूबाजूला दिसणाऱ्या बाटल्यांची किंमत, स्टार आणि रिव्ह्यूंची संख्या वहीत उतरवली. उत्तर तिथेच होतं. साधी: ६४९ रुपये, ४.३ स्टार, दोनशेवर रिव्ह्यू. ठोक्याची: ७९९ रुपये, ३.७ स्टार, रिव्ह्यू फक्त नऊ. शेजारच्या तशाच बाटल्या सातशेच्या आत. जाहिरातीच्या रिपोर्टमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

आधी ठोक्याचीची जाहिरात थांबवली. एक-दोन स्टारवाले रिव्ह्यू वाचले, तर सगळ्यांत झाकण गळण्याचीच तक्रार. स्टॉक परत मागवून वॉशर बदलले. मग कूपन लावून किंमत ६९९ वर आणली. त्यानंतरच्या प्रत्येक ऑर्डरवर ग्राहकाकडे रिव्ह्यू मागणारं `Request a Review` बटण दाबलं. ते डिलिव्हरीनंतर ५ ते ३० दिवसांतच चालतं. रिव्ह्यूच्या बदल्यात भेट देऊ नका, ते नियमाबाहेर आहे. स्टार चारच्या वर गेल्यावरच जाहिरात त्याच बजेटवर परत सुरू केली. आता शंभर क्लिकला सहा ऑर्डर येतात.