सोशल मीडिया मॅनेजरचा अर्ज: निकाल आणि कॅलेंडर दाखवताना या चुका टाळा

सोशल मीडिया मॅनेजरच्या जागेसाठी येणारे अर्ज हल्ली साधारण एकाच घडणीचे असतात. ईमेलमध्ये आठ-दहा ओळी, त्यात एखाद्या मोहिमेचे निकाल आणि शेवटी नमुना कंटेंट कॅलेंडरची लिंक. घडण चांगली आहे. मी असे अर्ज वाचते तेव्हा आधी आकडे बघते, मग लिंक उघडते, आणि बहुतेक अर्ज या दोन जागीच अडतात.

आकडा आहे, पण कशाचा?

समजा, पुण्यातल्या एका साड्यांच्या दुकानासाठी काम केलेल्या उमेदवाराने लिहिलं: ‘गुढीपाडव्याच्या मोहिमेत एंगेजमेंट ३०० टक्क्यांनी वाढवली, ५ लाख रीच मिळवला.’ वाचायला भारदस्त वाटतं, पण यातून काहीच कळत नाही.

एंगेजमेंट रेट काढताना कोणी रीचने भागतं, तर कोणी फॉलोअर्सने. एका रीलवर लाइक, कमेंट, सेव्ह आणि शेअर मिळून ४०० प्रतिसाद आले, रीच १०,००० आणि फॉलोअर्स ५,००० असतील, तर पहिल्या हिशोबाने रेट ४ टक्के येतो आणि दुसऱ्याने ८ टक्के. दोन्ही बरोबर आहेत, फक्त कशाने भागलं ते लिहायला हवं. ५ लाखांच्या रीचचंही तसंच. पोस्ट बूस्ट केली असेल तर तो रीच पैसे देऊन घेतलेला आहे, म्हणून खर्च शेजारी नसेल तर वाचणारा तो आकडा सोडूनच देतो. आणि व्ह्यूज म्हणजे माणसं नव्हेत. एकाच बाईने रील तीनदा पाहिलं तर व्ह्यूज तीन होतात, रीच एकच राहतो. जुन्या रिपोर्टमधले इम्प्रेशन्स आणि आताचे व्ह्यूज एका ओळीत ठेवून वाढ दाखवू नका.

तुलना कोणत्या काळाशी केली, यावरून तर उमेदवाराची पारख होते. २०२५चा पाडवा ३० मार्चचा आणि २०२६चा १९ मार्चचा. कोणी ‘मार्च विरुद्ध मार्च’ तुलना केली तर २०२६च्या महिन्यात सणानंतरचे मंदीचे दिवसही धरले जातात, २०२५च्या महिन्यात ते जवळजवळ नाहीतच. सणाच्या मोहिमेत तारखा जुळवायच्या नसतात, ‘पाडव्याआधीचे २८ दिवस’ अशी खिडकी दोन्ही वर्षांसाठी धरायची असते. गेल्या वर्षीचे आकडे हाताशी नसतील तर आधीच्या चार आठवड्यांशी तुलना चालेल, पण सणामुळे मागणी मुळातच वाढलेली होती हे सांगून.

वरचंच वाक्य असं लिहिता येईल:

‘साडी विक्रेता, पुणे. पाडव्याआधीचे चार आठवडे. जाहिरातीचा खर्च १८,००० रुपये, व्हॉट्सॲपवर २४० चौकश्या, म्हणजे चौकशीमागे ७५ रुपये. त्याआधीच्या चार आठवड्यांत ८,१०० रुपयांत ९० चौकश्या, म्हणजे चौकशीमागे ९० रुपये. सणाची मागणी यात धरलेली आहे. रीलची संहिता आणि जाहिरातीचं टार्गेटिंग माझं, चित्रीकरण दुसऱ्यांचं.’

यात ३०० टक्के नाहीत, तरी दुकानदाराला जे हवं ते सगळं आहे. शेवटचं वाक्य गाळू नका. टीमने केलेलं काम एकट्याच्या नावावर दिसलं की मुलाखतीतला पहिला प्रश्न तिथेच येतो, आणि उत्तर अडखळलं की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही शंका येते.

कॅलेंडर म्हणजे सणांची यादी नव्हे

नमुना कॅलेंडर म्हणून बहुतेकदा महिन्याचा तक्ता येतो: सोमवारी ‘मोटिव्हेशन पोस्ट’, बुधवारी ‘प्रॉडक्ट पोस्ट’, मध्ये एखादा जागतिक दिन. हे कोणत्याही धंद्याला चिकटवता येतं, म्हणून कोणाच्याच कामाचं नसतं. त्यापेक्षा दोनच आठवडे घ्या, पण प्रत्येक ओळीत तारीख, रील आहे की कॅरुसेल, कोणासाठी आहे, पूर्ण कॅप्शन आणि यश कशावरून मोजणार हे भरलेलं असू द्या. लिहिलेली कॅप्शनच तुमची भाषा दाखवते, शीर्षकं दाखवत नाहीत.

दुसरी चूक म्हणजे गेल्या वर्षीच्या कॅलेंडरमधल्या तारखा थोड्या सरकवून वापरणं. २०२६ साल यासाठी फार चांगलं उदाहरण आहे, कारण १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ महिना आहे. त्यामुळे त्याआधीचा पाडवा २०२५पेक्षा ११ दिवस अलीकडे येतो, तर त्यानंतरची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरला, म्हणजे १८ दिवस पुढे जाते. सरसकट दहा-अकरा दिवस मागे सरकवणाऱ्याचं गणपतीचं अख्खं नियोजन चुकतं.

साडीच्या दुकानासाठी याचा अर्थ आणखी खोल आहे. अधिक महिन्यात आपल्याकडे लग्नं होत नाहीत, म्हणून मेच्या अखेरीस नवरीच्या शालूचं रील ठेवलं तर ते वाया जातं. पण हाच धोंड्याचा महिना. लेक-जावयाला जेवायला बोलावून वाण द्यायची पद्धत आहे, त्यामुळे ‘लेकीसाठी साडी’ ही मालिका नेमकी तेव्हाच चालेल. अनंत चतुर्दशीनंतर पितृपक्षाचा पंधरवडा येतो, त्यात बरीच घरं नवी खरेदी टाळतात. तिथे विक्रीची पोस्ट न ठेवता साडीची निगा किंवा विणकरांची ओळख ठेवली, तर तुम्हाला गिऱ्हाईक कळतं हे वेगळं सांगावं लागत नाही. नवरात्रीच्या नऊ रंगांचा क्रमही घटस्थापनेच्या वारावर ठरतो. २०२५ला सोमवार होता, म्हणून पांढऱ्याने सुरुवात झाली. २०२६ला रविवार आहे.

दिनविशेषही तपासा. मराठी भाषा गौरव दिन २७ फेब्रुवारीचा, आणि १ मे हा महाराष्ट्र दिन असून मराठी राजभाषा दिनही तोच. या दोन नावांची अदलाबदल इतकी होते की मराठी ब्रँडसाठीच्या अर्जात ती लगेच डोळ्यात भरते.

लिंक उघडत नाही

याची खूण सोपी आहे. तुमच्या ईमेलवर कोणीतरी फाइल बघण्याची परवानगी मागितली, तर लिंक बंद आहे. वाचणारे अनेकदा परवानगी मागतही नाहीत, पुढच्या अर्जाकडे वळतात. गूगल शीट्समध्ये `Share` उघडून `Restricted` ऐवजी `Anyone with the link` निवडा आणि शेजारी `Viewer` ठेवा. `Editor` राहिलं तर कोणीही मजकूर बदलू शकतं. मग ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत आणि मोबाइलवर लिंक उघडून पाहा. पत्त्याच्या शेवटी `#gid=` असेल तर वाचणारा थेट त्या पानावर जातो, म्हणून कॅलेंडरचं पान उघडं असतानाच पत्ता कॉपी करा.

इथे एक गंभीर गोष्ट आहे. जुन्या क्लायंटचं बजेट असलेलं पान ‘हाइड’ केलं म्हणजे झाकलं असं समजू नका. बघणारा फाइलची प्रत काढून ते पान पुन्हा उघडू शकतो. नमुना कॅलेंडर नव्या फाइलमध्येच बनवा, तेही स्वतःच्या खात्यावर. कंपनीच्या खात्यावरची फाइल अनेकदा संस्थेबाहेर उघडतच नाही, आणि नोकरी सोडल्यावर ते खातं तुमच्या हातात राहत नाही.

अर्ज गेल्यानंतर लिंक बंद असल्याचं लक्षात आलं, तर नवी फाइल पाठवायची घाई करू नका. त्याच फाइलची परवानगी बदलली की आधी पाठवलेला पत्ता आपोआप उघडू लागतो. दुसरा ईमेल तेव्हाच पाठवा, जेव्हा कोणीतरी परवानगी मागितलेली असेल, आणि त्यात एवढंच लिहा: ‘लिंक आता उघडते, तसदीबद्दल क्षमस्व.’