पीएफचे पोर्टल तुमचे नाव ओळखत नाही, तेव्हा काय करावे

नोकरी सुटून काही वर्षे झालेली असतात, पासवर्ड कधीच विसरलेला असतो. पीएफ काढायचा म्हणून unifiedportal-mem.epfindia.gov.in उघडावे, Forgot Password दाबावे, यूएएन, नाव, जन्मतारीख सगळे अगदी आधारवर आहे तसे भरावे, आणि माहिती जुळत नाही असा शेरा यावा. बहुतेक जण इथे चिडून आधारचे नाव आणखी काळजीपूर्वक टाइप करतात. घोटाळा नेमका तिथेच होतो.

रोजच्या लॉगिनला यूएएन, पासवर्ड आणि मोबाइलवरचा ओटीपी एवढेच लागते, नाव कोणी विचारत नाही. ते विचारले जाते यूएएन अ‍ॅक्टिव्हेट करताना आणि पासवर्ड नव्याने घेताना. पासवर्ड नव्याने घेताना तपासणी दोनदा होते. पहिल्यांदा तुम्ही भरलेले नाव, जन्मतारीख आणि लिंग ईपीएफओच्या नोंदीशी पडताळले जाते. दुसऱ्यांदा तुमचा आधार क्रमांक. पहिल्या पडताळणीत आधारचा संबंध नाही. तिथे चालते ते तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा कंपनीच्या ऑफिसात कोणीतरी घाईने टंकलेले नाव.

म्हणून आधी ईपीएफओकडे तुमचे नाव कसे आहे ते शोधा. पूर्वी कधी पासबुकची पीडीएफ किंवा यूएएन कार्ड उतरवून घेतले असेल, तर त्यावर ते छापलेले असते. काहीच नसेल तर जुन्या कंपनीच्या एचआरला फोन करा. त्यांच्या लॉगिनमध्ये तुमची नोंद दिसते. त्यांच्याकडून नाव तोंडी ऐकू नका, स्क्रीनचा फोटोच मागा. ‘जाधव’ फोनवर ऐकायला सारखेच वाटते, पण इंग्रजीत Jadhav आहे की विदर्भात लिहितात तसे Jadhao, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

मग आधार पाहा. myaadhaar.uidai.gov.in वरून ई-आधार उतरवून घ्या. त्या फाइलचा पासवर्ड म्हणजे आधारवरील इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्माचे वर्ष. कार्डावर मराठीत छापलेले नाव कितीही बिनचूक असो, पोर्टल जुळवते ती त्याखालची इंग्रजी ओळ. दोन्ही नावे कागदावर एकाखाली एक लिहा. समजा, अमरावतीच्या एका बाईंची नोंद अशी निघाली:

```
EPFO   : SUNITABAI R JADHAO
AADHAAR: Sunita Ramesh Jadhav
PAN    : SUNITA RAMESH JADHAV
```

आपल्याकडच्या नावांचे नेहमीचे तिन्ही गोंधळ यात आहेत: ‘बाई’ नावाला चिकटलेले, नवऱ्याचे नाव नुसत्या आद्याक्षरावर, आणि आडनावाचे स्पेलिंग वेगळे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत तर अख्खे दोन शब्द वेगळे असू शकतात.

पॅनची ओळ मुद्दाम जोडली आहे, कारण दुरुस्ती कुठे करायची याचा निकाल तिच्यावर लागतो. आधार आणि पॅन एकमेकांशी जुळत असतील, तर पीएफची नोंद दुरुस्त करायची आणि आधारला हात लावायचा नाही. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. कंपनीच्या एका टायपिंगच्या चुकीपायी त्यातली एक संधी घालवणे मला वेडेपणाचे वाटते, पण ‘आधारच बदलून टाका, सोपं आहे’ असा सल्ला सर्रास ऐकायला मिळतो. खरोखर आधारवरचेच नाव चुकले असेल, तर मात्र आधी आधार केंद्रावर पुरावा नेऊन ते दुरुस्त करा. नवीन नावाचे ई-आधार हातात आल्याशिवाय पीएफच्या कामाला लागू नका, नाहीतर तेच काम पुन्हा करावे लागेल.

आता पोर्टलवर परत जा. Forgot Password च्या फॉर्ममध्ये या वेळी ईपीएफओकडे आहे तेच नाव टाका, चुकीचे दिसत असले तरी. आपल्या उदाहरणात `SUNITABAI R JADHAO`. असे करण्यात काही गैर नाही. तुम्ही नाव बदलत नाही, नोंदीतले नाव फक्त ओळखून देता. पुढे दोनपैकी एक होईल.

फॉर्म पुढे सरकला, आधारही स्वीकारला गेला आणि आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी आला, तर नवीन पासवर्ड घ्या आणि आत जा. Manage या मेनूत Joint Declaration उघडून नावाची दुरुस्ती मागवा. नाव आधारवर आहे तसेच, अक्षरन् अक्षर भरा. यानंतर काम कोणाकडे जाते, हे तुमचा यूएएन कधीचा आहे यावर ठरते. 1 ऑक्टोबर 2017 नंतर मिळालेला आणि आधारने पडताळलेला यूएएन असेल, तर जानेवारी 2025 पासून नाव, जन्मतारीख, लिंग असे तपशील सभासदाला स्वतःच बदलता येतात. कागद लागत नाहीत, कंपनीची मंजुरीही नाही. त्याआधीचा असेल तर अर्ज कंपनीच्या लॉगिनला जातो आणि तिथे कोणीतरी तो मंजूर करावा लागतो. अर्ज टाकून स्वस्थ बसू नका, एचआरला फोन करून सांगा. नाहीतर तो तिथे पडून राहतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

नाव चालले, पण आधारपाशी अडले, तर तुमचा यूएएन आधारशी जोडलेलाच नाही असे धरून चाला. नावात फरक असल्यामुळेच तो आजवर जोडला गेला नसणार. अशा वेळी बाहेरून कितीही प्रयत्न केले तरी दार उघडणार नाही. सारखा प्रयत्न केल्याने खाते काही काळ लॉक होऊ शकते, तेवढेच. इथून पुढचे काम कंपनीने करायचे असते. आधारची प्रत आणि वरच्यासारखा दोन ओळींचा फरक लिहून द्या, आणि त्यांच्या लॉगिनमधून जॉइंट डिक्लरेशन पाठवायला सांगा. आपल्या उदाहरणातल्या बाई याच वाटेने जातील: आधी नाव दुरुस्त, मग आधार जोडणी, मग पासवर्ड, आणि शेवटी पैशांचा दावा. क्रम उलटा केला तर दावा नाव जुळत नाही म्हणून परत येतो.

कंपनी बंद पडली असेल तर जॉइंट डिक्लरेशनचा कागदी फॉर्म भरावा लागतो. त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची किंवा ईपीएफओने मान्य केलेल्या अन्य अधिकाऱ्याची साक्षांकित सही घ्या आणि तो पीएफच्या प्रादेशिक कार्यालयात जनसंपर्क अधिकाऱ्याच्या खिडकीवर द्या. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. कंपनी चालू आहे पण दाद देत नाही, किंवा फॉर्म दिला आणि हालचाल नाही, अशा वेळी epfigms.gov.in वर तक्रार नोंदवता येते. तिथे रागाने लिहिण्यापेक्षा दोन्ही नावे, यूएएन आणि पोच क्रमांक दिलेत तर काम लवकर पुढे जाते.

एक गोष्ट मात्र टाळा. नाव जुळत नाही म्हणून नव्या कंपनीतला क्लार्क ‘नवीन यूएएन काढून देतो’ म्हणेल. त्याचे काम पाच मिनिटांत होते, पण तुमच्या नावावर दोन यूएएन होतात. जुने पैसे जुन्या, चुकीच्या स्पेलिंगच्या खात्यात अडकून राहतात, आणि ते नव्याकडे वळवायला गेलात की नाव जुळत नाही हाच शेरा पुन्हा येतो.