जुन्या पाटलीचा कस बघताना या चुका टाळा

लग्नसराईत सोलापूरच्या सराफ बाजारात आजीच्या पाटल्या मोडायला येणारे खूप. एका दुकानात मशीन ९१.६ टक्के दाखवतं, दुसऱ्या दुकानात कसोटीच्या दगडावर सोनं ८७ च्या आसपास भरतं, आणि गिऱ्हाईक कसोटीवाल्याला लबाड ठरवून मोकळं होतं. पण दोघंही खरं सांगत असू शकतात. एकानं पाटलीची कातडी तपासलेली असते, दुसऱ्यानं आतलं सोनं.

घडाईत सोनं तापलं की वरचं तांबं काळं पडतं. ते आम्लात बुडवून काढतात तेव्हा पृष्ठभागावरचं तांबं जातं, सोनं मागं राहतं. क्ष-किरण मशीन सोन्यात जेमतेम दहा मायक्रॉनपर्यंत बघतं, म्हणून हाच पातळ थर मोजतं. मुलामा असेल तर मुलाम्याचीच टक्केवारी सांगतं. तेव्हा मशीनखाली ठेवण्याआधी न दिसणाऱ्या जागी कानशीनं घासून घ्यावं, झाळकामाचा डाग लावलेला सांधा टाळावा आणि दोन-तीन जागी मोजावं.

कसोटीवरही पहिली चूक हीच होते: न घासता दगडावर कस, म्हणजे सोन्याची रेघ, ओढणं. दुसरी चूक ताडून बघायची सुई निवडण्यात. सुईच्या टोकाचं सोनं ठरलेल्या कसाचं असतं, पण त्यात भर चांदीची की तांब्याची, हेही जुळायला हवं. तांब्याची भर असलेली पाटली लालसर दिसते. तिच्या शेजारी चांदीच्या भरीची पिवळी सुई ओढली तर कस सारखा असूनही रंग जुळत नाही. पाटलीची रेघ मधे, एका बाजूला ९१६ ची सुई, दुसऱ्या बाजूला ८७५ ची. दाब आणि लांबी सारखी. मग तिन्हींवरून आडवा आम्लाचा एकच थेंब फिरवायचा आणि कुठली रेघ आधी फिकी पडते ते दिवसाच्या उजेडात बघायचं. इथं नुसतं शोऱ्याचं आम्ल वापरू नये. २२ कॅरेटला ते धक्का लावत नाही, १८ कॅरेटलाही फारसं नाही, त्यामुळे दोन्ही चोख वाटतात. त्यात थोडं मिठाचं आम्ल मिसळलेलं लागतं.

एवढं करूनही मुरलेल्या हाताला टक्का-दोन टक्क्यांचाच अंदाज येतो. ४० ग्रॅमच्या पाटलीत ९१.६ आणि ८७ यांतला फरक १.८४ ग्रॅम चोख सोन्याचा आहे. एवढ्यावर वाद असेल तर अग्निपरीक्षाच करावी. सुमारे पाव ग्रॅम नमुना तोलतात, त्यातल्या सोन्याच्या अंदाजे अडीच पट चांदी घालतात, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून सच्छिद्र कुपीत १००० अंशांच्या वर तापवतात. शिसं तांब्याला घेऊन कुपीत मुरतं. उरलेला मणी ठोकून, लाटून शोऱ्याच्या आम्लात उकळला की चांदी विरघळते. राहिलेलं सोनं तोलायचं.

नमुना मात्र पाटलीच्या एका टोकाचा तुकडा तोडून देऊ नका. त्यात झाळकामाचा डाग आला तर कस कमी निघेल. सगळी पाटली डोळ्यांसमोर वितळवून, ढवळून, त्या लगडीतून नमुना घ्यायला सांगा. वितळवण्याआधीचं आणि नंतरचं वजन लिहून घ्या.